बारी कुठे थांबते

शेजारच्या काकू पंढरपूरहून आल्या आणि प्रसाद द्यायला दारात उभ्या राहिल्या. चुरमुरे, बुक्क्याची पुडी, तुळशीची सुकलेली दोन पानं. मी विचारलं, काकू कसं झालं दर्शन? छान झालं गं. गर्दी होती का? असणारच की, देव आहे तो. आणि तिथे बायकांची सोय वगैरे, स्वच्छता? यावर काकूंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तिथं जाऊन पांडुरंग बघायचा का संडास?" आणि हसत हसत पुढच्या दारात निघून गेल्या. त्या गेल्यावर मी बराच वेळ ती बुक्क्याची पुडी हातात धरून उभी होते, कारण मला खरंच संडासच विचारायचे होते. आत्याला पंढरपूरला न्यायचं होतं, आत्याचे गुडघे गेलेत, शुगर आहे, तास दीड तासाने तिला जावं लागतं म्हणजे लागतंच, आणि ती हे कुणाला सांगत नाही, तोंड बारीक करून उभी राहते आणि मग आपल्याला कळतं.

काकूंना सगळं माहीत होतं. रांग कुठून सुरू झाली, कुठे अडली, पाणी कुठे मिळालं, पायऱ्या किती, सगळं त्यांच्या पायांना माहीत होतं. पण विचारलं की येतं काय, तर "छान झालं". हे फक्त काकूंचं नाही. देवाला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, दोनच उत्तरं मिळतात, एक तर "अगदी समाधान झालं" नाहीतर "नुसता बाजार झालाय, जाऊच नका". मधलं काही नाही. आपण चहाच्या टपरीबद्दल सुद्धा जास्त डिटेलमध्ये बोलतो. मला वाटतं मनात कुठेतरी एक अडचण असते, की देवाच्या जागेला मार्क कसे द्यायचे, आपण कोण देणारे. आणि वारकऱ्यांमध्ये तर तक्रार ही गोष्टच बसत नाही. आत जाता आलं नाही तर कळसाला हात जोडायचे, नामदेव पायरीवर डोकं टेकवायचं आणि वारी पोचली म्हणायचं. माझे आजोबा असेच होते, कित्येक वाऱ्यांमध्ये त्यांनी गाभारा बघितलाच नाही आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. हे मला फार मोठं वाटतं, खरंच. पण आजोबांचे गुडघे चांगले होते.

देवाला नको, पण बारीला मार्क द्यायला काय हरकत आहे?

तर या लेखात मी बारीबद्दलच बोलणार आहे. पंढरपुरात दर्शनाच्या रांगेला बारीच म्हणतात. आणि जो कोणी जाऊन येतो तो हमखास सांगतो "आम्हाला पाच तास लागले" किंवा "आम्हाला वीस मिनिटांत झालं", आणि या दोन्हीचा पुढच्या माणसाला काडीचाही उपयोग नसतो, कारण त्याचा दिवस वेगळा, तिथी वेगळी, वेळ वेगळी. उपयोग कशाचा होतो तर बारी किती वेगाने सरकते, दिवसात ती कधी कधी थांबते आणि मधूनच बाहेर पडता येतं का, या तीन गोष्टींचा. बाकी सगळं यातून काढता येतं.

पंढरपूरची गंमत अशी आहे की इथे देवाच्या पायांवर डोकं ठेवता येतं. कुणीही ठेवू शकतो, जात नाही, पैसा नाही, सोवळं नाही. (हे सहज झालेलं नाही, १९४७ मध्ये साने गुरुजींना त्यासाठी उपोषण करावं लागलं, पण तो वेगळा विषय.) बहुतेक मोठ्या देवळांत आपण लांबून हात जोडत जोडत पुढे ढकलले जातो, दोन-तीन माणसं एका वेळी समोरून सरकतात. इथे मात्र एका वेळी एकच डोकं त्या पायांवर टेकू शकतं. म्हणजे बाहेर तुम्ही कितीही मोठा मंडप बांधा, कितीही रेलिंगं टाका, वर स्कायवॉक करा, शेवटी सगळी माणसं एका डोक्याएवढ्या जागेतून जाणार. एका माणसाला तीन सेकंद धरले तर मिनिटाला वीस माणसं, तासाला बाराशे. एखादी म्हातारी डोकं टेकवते आणि उचलतच नाही, तिथे सहा-सात सेकंद गेले. तिथले सेवेकरी "चला माउली, चला" म्हणत खांद्याला हात लावून पुढे करतात ना, त्याचा आपल्याला राग येतो, मलाही यायचा, पण तो हात दोन सेकंदांचा हिशोब करत असतो आणि ते दोन सेकंद मागे उभ्या असलेल्या हजार माणसांना गुणायचे असतात.

आता हाच हिशोब आषाढीला लावून बघा. सेवेकऱ्यांनी अगदी भराभर माणसं पुढे काढली, मिनिटाला पस्तीस धरू, तरी तासाला एकवीसशे. अख्खा दिवस, अख्खी रात्र, एक मिनिटही न थांबता, तरी चोवीस तासांत पन्नास हजार. आणि माणसं आलेली असतात लाखांनी. म्हणजे बहुतेकांना पाय शिवता येणारच नाहीत हे गणितातच लिहिलेलं आहे, ते कुणाच्या ढिसाळपणामुळे नाही. म्हणून तर बारी दर्शन मंडपातून निघून, सारडा भवनावरून, पार गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते आणि लोक पंधरा-वीस तास उभे राहतात. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की यावरचा उपाय कुठल्या इंजिनिअरने काढलेला नाही, तो परंपरेतच आहे. आषाढी-कार्तिकीच्या आधी चांगला दिवस बघून देवाचा पलंग काढतात. पलंग निघाला म्हणजे देव झोपायचा बंद. शेजारती नाही, पाठीला कापसाचा लोड देतात टेकायला आणि देव रात्रंदिवस उभा. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शीण घालवतात आणि मग पलंग परत जागेवर. मी लहानपणी हे ऐकलं तेव्हा मला नुसतं गोड वाटलं होतं. आता बारीत उभं राहून विचार केला की वाटतं, रोज रात्रीचे जे काही तास दरवाजा बंद असतो ते तास मोकळे करून घ्यायची ही किती साधी युक्ती आहे, आणि ती भाविकांना सांगितली कशी, तर तुमच्यासाठी देव जागा राहणार आहे अशी.

हां, आणि पायांचंही एक आहे. इतकी डोकी, इतके हात, रोज. मूर्तीची झीज होते आणि पुरातत्त्व खात्याच्या मदतीने आजवर अनेकदा वज्रलेप करावा लागलाय. म्हणजे मिनिटाला किती माणसं सोडायची या प्रश्नाला दुसरी बाजू पण आहे, ते पाय किती सोसणार. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पाय शिवू नका असं मी म्हणू शकत नाही, मी स्वतः शिवून आले.

आम्ही गेलो ते साधा वार बघून, एकादशी नाही, शनिवार-रविवार नाही, शाळांना सुट्टी नाही. आत्या, माझा आतेभाऊ आणि मी. सकाळी सव्वादहाला बारीला लागलो. मुखदर्शनाची बारी वेगळी असते, ती भराभर जाते कारण तिथे लांबूनच बघायचं असतं, आतेभाऊ म्हणाला आपण तिकडे जाऊ, वीस मिनिटांत मोकळे. आत्या म्हणाली, "तू जा. मी पायावर डोकं ठेवायला आले." विषय संपला. व्हीलचेअरचं विचारलं तर म्हणाली मला काय झालंय. तो विषय पण संपला.

मग मी माझा उद्योग सुरू केला. रेलिंगच्या बाजूचा एक खांब धरला आणि पाच मिनिटं त्या खांबाला ओलांडून किती माणसं पुढे जातात ते मोजलं. एक मिनिट मोजून चालत नाही, कारण बारी सारखी सरकत नाही, पुढून घोळका सोडतात, मग थांबवतात, मग परत सोडतात, त्यामुळे एका मिनिटात चाळीस माणसं जातात आणि पुढच्या मिनिटात एकही नाही. पाच मिनिटांत एकशेदहा गेली, म्हणजे मिनिटाला बावीस. मग पुढे किती आहेत याचा अंदाज. रेलिंगच्या एका पट्ट्यात दहा पावलांत साधारण वीस माणसं होती, आतेभावाला म्हटलं पुढे किती पट्टे आहेत बघ, तो उंच आहे, त्याने टाचा वर करून मोजले, सगळं मिळून दीडेक हजार माणसं आमच्या पुढे. दीड हजार भागिले बावीस, सत्तर मिनिटांच्या आत बाहेर. आत्याला म्हटलं सव्वा तास. ती म्हणाली, विठ्ठल विठ्ठल.

अर्धा तास अगदी हिशोबाप्रमाणे गेला. साडेसहाशे माणसं तरी पुढे सरकली असतील. आणि मग बारी थांबली. कुणी काही सांगेना, मागून "काय झालं, काय झालं", एक जण म्हणाला कुणीतरी मंत्री आला असेल, दुसरा म्हणाला लाइट गेली असेल. खरं कारण अगदी साधं होतं, देवाच्या नैवेद्याची तयारी सुरू झाली होती. देवाचा दिवस ठरलेला असतो, पहाटे काकडा, मग नित्यपूजा, अकराच्या सुमारास महानैवेद्य, दुपारनंतर पोशाख, संध्याकाळी धूपारती, रात्री शेजारती, आणि यातल्या प्रत्येक वेळी बारी काही वेळ थांबते. उन्हाळ्यात चंदनउटीची पूजा असते, ती वेगळी. त्या दिवशी आमची वीस मिनिटं गेली. आता हे कुणीही आधी सांगू शकलं असतं, काकूंना तर सगळ्या आरत्या तोंडपाठ आहेत, पण "नैवेद्याच्या आधी एक तास बारीला लागू नका" हे वाक्य त्यांच्या डोक्यात माहिती म्हणून नसतंच, ते देवाचं जेवण म्हणून असतं. त्यात थांबणं हे थांबणं नसतंच. माझ्या शेजारी सोलापूरकडच्या एक बाई होत्या, बारी थांबल्यावर त्या खाली बसल्या, पिशवीतून शेंगा काढल्या आणि सोलून सगळ्यांना वाटायला लागल्या.

नैवेद्यानंतर बारी सुटली पण मला ती हळू वाटली. परत खांब धरला, परत पाच मिनिटं मोजली. ऐंशी. म्हणजे मिनिटाला सोळा. पाय तेच, देव तोच, मग सहा माणसं गेली कुठे? पुढे गेल्यावर कळलं, बाजूने दुसरी छोटी बारी येऊन मिळत होती, त्यात पूजेचे यजमान होते, एक व्हीलचेअरवरच्या आजी होत्या, तान्हं बाळ घेतलेली एक मुलगी होती. त्यात वावगं काहीच नाही, त्या मुलीला कोण म्हणेल मागे उभी राहा. पण उरलेल्या साडेआठशे माणसांना बावीसच्या वेगाने एकोणचाळीस मिनिटं लागली असती ती सोळाच्या वेगाने त्रेपन्न लागली. चौदा मिनिटं. सगळं मिळून आम्हाला पावणेदोन तास लागले, मी आत्याला सांगितलेल्या सव्वा तासापेक्षा अर्धा तास जास्त, आणि त्यातल्या प्रत्येक मिनिटाचा हिशोब लागतो, हे मला फार समाधानाचं वाटलं (आतेभावाच्या मते मी देवळात जायच्या लायकीची नाही).

या चौदा मिनिटांवरून पासचं सगळं गणित कळतं. महाराष्ट्रातल्या काही मोठ्या देवस्थानांत पैसे भरून लवकर दर्शन मिळतं, शंभर, दोनशे, काय असेल ते. आपण म्हणतो की देणगी आहे, देवस्थानाला उत्पन्न आहे, कुणाचं काय जातं. जातं की. उंबरा एकच आहे. पासच्या बाजूने मिनिटाला सहा माणसं आत घेतली तर साध्या बाजूने सहा कमी जाणार, त्या पासची अर्धी किंमत साध्या रांगेतल्या माणसाने त्याच्या गुडघ्यांनी भरलेली असते. पंढरपुरात दर्शनाला पैसे घेत नाहीत आणि यात्रेत व्हीआयपी दर्शन बंद ठेवतात, हे मला आवडतं, आणि एरवी शिफारशीवाले येतात हे मला आवडत नाही. पण रिव्ह्यू म्हणून सांगायचं तर पास असावा की नसावा यापेक्षा दोन गोष्टी सांगा, पासची रांग साध्या रांगेला कुठे येऊन मिळते, आणि तिथे कोण किती माणसं सोडायची हे ठरवतं. जिथे तिथला माणूस दोन इकडून चार तिकडून असं काहीतरी धरून सोडतो तिथे भांडणं होत नाहीत. जिथे ओळखीवर सोडतो तिथे दहा मिनिटांत आवाज चढतात.

आता टोकनचं पण आलंय, वेळ घ्या आणि त्या वेळेला या. टोकनने बारी लहान होते असं लोकांना वाटतं. बारी लहान होत नाही, माणसं तेवढीच, पाय तेवढेच. फक्त तुम्ही उभं राहण्याऐवजी कुठेतरी बसून थांबता, चहा पिता, नदीवर जाऊन येता. हे काही कमी नाही, आत्यासारख्या बाईसाठी तर सगळं यातच आहे. पण टोकन चालतं कधी, जेव्हा दिलेली वेळ पाळली जाते तेव्हा. सकाळी दहाचं टोकन घेऊन आलेला माणूस परत दोन तास उभा राहिला तर त्याच्या दोन रांगा झाल्या.

तिकिटाचा विषय निघाला म्हणून अजिंठा आठवला, तिथे उलटं आहे. तिथे तिकीट आहे, सोमवारी लेणी बंद (आणि वेरूळ मंगळवारी, दोन्हीचा एकच वार धरून येणारी कुटुंबं मी फाटकाशी चेहरे पाडून उभी बघितलीत), आणि चित्रांच्या लेण्यांत एका वेळी चाळीसच माणसं सोडायची असा नियम. तो नियम माणसांच्या सोयीसाठी नाही, भिंतींसाठी आहे. मातीच्या गिलाव्यावरची चित्रं, दीड हजार वर्षांची, आणि आपण आत जाऊन श्वास सोडतो, घाम सोडतो, आत दमटपणा वाढतो. पण तिथे खरी गर्दी लेण्यात नसतीच, ती असते बसला. खासगी गाड्या चार किलोमीटर अलीकडे फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि पुढे बसने जायचं, परतीच्या वेळी संध्याकाळी सगळे एकदम खाली येतात आणि त्या बसची रांग हीच त्या दिवसाची सगळ्यात मोठी रांग असते. अजिंठ्याहून आलेला माणूस पद्मपाणीच्या चित्राबद्दल बोलतो, बोलावंच, पण "चारच्या आत खाली या" हे कुणी सांगत नाही.

आता काकूंना न आवडलेला विषय.

संडास आहेत का, हा प्रश्नच चुकीचा आहे. बहुतेक मोठ्या ठिकाणी असतात. प्रश्न असा की बारीत शिरल्यावर आहेत का, आणि तिथे जाऊन परत आपल्या जागी येता येतं का. एका देवस्थानात, नाव घेत नाही, बारीच्या सुरुवातीला चकाचक स्वच्छतागृह होतं, संगमरवर लावलेलं, आणि तिथून पुढे तीन तास दोन्ही बाजूंना जाळी. मधे दार होतं पण त्याला कुलूप, किल्लीवाला जेवायला गेलेला. माझ्यापुढची एक बाई सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती, म्हणाली, "देवाला जाताना आम्ही पित नाही," आणि ते ती उपास असल्यासारखं म्हणाली. बायका हे करतात, सगळ्या करतात, आणि उन्हात उभ्या राहून चक्कर येऊन पडतात, मग लोक म्हणतात अशक्तपणा. बायकांना आत पुरुषांपेक्षा जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, साडी आहे, कडेला पोर आहे, पाळी असते, त्यामुळे दोन्हीकडे सारखीच दहा-दहा दारं ठेवली की कागदावर समानता होते आणि बाहेर बायकांची रांग दुप्पट होते. मी आता कुठेही गेले की चार गोष्टी बघते, कडी लागते का, नळाला पाणी आहे का, रात्रीचा दिवा आहे का, आणि आत कचऱ्याचा डबा आहे का. डबा नसेल तर दुपारपर्यंत तिथे काय होतं ते सांगायला नको.

पंढरपुरात या विषयाला फार मोठा इतिहास आहे आणि तो आपण विसरतो. यात्रेनंतर चंद्रभागेच्या वाळवंटातली आणि गल्ल्यांमधली घाण माणसं हाताने उचलायची. हाताने मैला उचलण्याला कायद्याने बंदी १९९३ ची आणि मग २०१३ चा कडक कायदा, तरी इथला प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर शौचालयं वाढली, दिंड्यांसाठी नदीपलीकडे ६५ एकरांचा तळ झाला, पालखीबरोबर फिरती शौचालयं जायला लागली. ज्यांनी आधीची यात्रा बघितलीय ते सांगतात की आता खूप फरक आहे. त्यामुळे स्वच्छता बघायची तर ती कधी बघितली हे सांगायला हवं. पहाटे सहाला झाडून काढलेला घाट आणि द्वादशीच्या दुपारचा घाट या दोन वेगळ्या जागा आहेत. आम्ही संध्याकाळी चंद्रभागेवर गेलो, पुंडलिकाजवळ, पाणी कमी होतं आणि जे होतं त्यात हार, पत्रावळ्या आणि कुणी सोडलेले कपडे होते. उजनीतून पाणी सोडलं की नदी वेगळीच दिसते. आत्याने पाणी डोळ्यांना लावलं. मी नाही लावलं. दोघींनी एकमेकींना काही म्हटलं नाही.

गर्दीबद्दल एक गोष्ट मात्र मला जरा गंभीरपणे सांगायचीय. लांब बारी धोक्याची नसते, ती कंटाळवाणी असते. धोका असतो तो बारी मोडते तिथे, जिथे रेलिंग संपतं, उतार असतो, येणारे आणि जाणारे एकाच वाटेवर येतात. सातारा जिल्ह्यातल्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला चेंगराचेंगरीत जवळजवळ तीनशे माणसं मेली. चढाची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या. एक जण घसरला की मागच्याला थांबता येत नाही कारण त्याच्या मागच्याला काही दिसतच नाही. अशा ठिकाणी माणसं पायाखाली येऊन जातात असं आपण म्हणतो, पण बरीचशी उभ्या उभ्या जातात, छाती दाबली जाऊन श्वास घेता येत नाही म्हणून. एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसांच्या वर गेलं की धोका सुरू, पण तिथे कोण मोजत बसणार, त्यापेक्षा स्वतःचा हात तोंडापर्यंत नेऊन बघावा. नेता येत नसेल, किंवा आपण पाऊल न टाकताही पुढे-मागे हलतोय असं वाटलं, तर देव राहू दे. हात छातीसमोर धरायचे, लाटेच्या उलट जोर लावायचा नाही, लाट थांबली की तिरकं तिरकं कडेला सरकायचं, आणि चप्पल, ओढणी, मोबाइल काहीही पडलं तरी वाकायचं नाही. कडेला दुकान असलं तर दुकानात शिरायचं. पोर खांद्यावर. हे मी प्रत्येक यात्रेच्या माहितीपत्रकात छापलं असतं, आरतीच्या वेळांच्या शेजारीच.

आत शिरल्यावर सोळखांबी, मग चौखांबी, आणि हवा एकदम बदलते, तुळस, कापूर, ओला दगड, माणसांचा घाम. नुकतंच मंदिराचं जतनाचं काम झालंय, गाभाऱ्यातली चांदी काढून दगड मोकळा केलाय, तो काळा दगड बघून मला फार बरं वाटलं. आत्या पुढे होती. तिने डोकं टेकवलं आणि सेवेकऱ्याने दोन सेकंदांत तिच्या खांद्याला हात लावला, मी मनातल्या मनात म्हटलं बरोबर आहे दादा, आणि त्याच वेळी मला त्याचा हात झटकून टाकावासा वाटला. माझी पाळी आली तेव्हा किती सेकंद मिळाले ते मला सांगता येणार नाही, तिथे मी मोजलं नाही. मग मागे रुक्मिणीमातेकडे गेलो, तिथे जरा निवांत होतं.

परत आल्यावर मावसबहिणीने मेसेज टाकला, तिला सासूबाईंना न्यायचंय. मी तिला सगळं लिहून पाठवलं, वार, तिथी, किती वाजता लागलो, मिनिटाला किती, नैवेद्याला किती थांबलो, बसायला कुठे मिळालं, बारीतून मधे बाहेर पडता येतं का ते. आणि वर तारीख घातली, मोठ्या अक्षरात, कारण तारखेशिवाय यातल्या कशालाच अर्थ नाही. करोनाच्या काळात पायांचं दर्शन बंद होतं ते २०२२ च्या गुढीपाडव्याला परत सुरू झालं. २०२४ मध्ये कामासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पुन्हा बंद, फक्त मुखदर्शन आणि तेही सकाळचे काही तास. त्या वर्षी एप्रिलमध्ये कुणी जुन्या ओळखीवर "पायावर डोकं ठेवता येतं हो" सांगितलं असेल तर तो माणूस खोटं बोलला नव्हता, त्याची माहिती फक्त शिळी होती. मोबाइल आत नेता येतो की नाही, लॉकर कुठे, कुठलं दार उघडं, हे सगळं असंच बदलत असतं. बहिणीचं उत्तर आलं, "बाई गं, तू दर्शनाला गेली होतीस का ऑडिटला?" आणि खाली लगेच, "आत संडासात डबा होता का?"

आत्याचं म्हणाल तर ती खूश आहे. तिला आता कार्तिकीला जायचंय, एकादशीलाच, दुसरा दिवस चालणार नाही. तिला मी पन्नास हजारांचं गणित सांगितलं, वहीवर मांडून दाखवलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग आपण आधी जाऊन राहू, पलंग निघाला की रात्री दोन-तीनला लागू बारीला, तेव्हा गर्दी कमी असेल. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सध्या मी ६५ एकराजवळ राहायची सोय शोधतेय, खाली कमोड आहे का ते विचारून.